विषय: थोरल्या मुलीच्या लग्नासाठी रजा, तयारीचे दिवस वेगळे आणि कार्याचे वेगळे

साहेब, नमस्कार,

परवा काउंटरवर घाईत बोलणं झालं होतं, आता सगळं नीट लिहून देतेय. थोरलीचं लग्न रविवार 29 नोव्हेंबरला पक्कं झालंय, मुहूर्त दुपारी 12.35 चा, कार्यालय उचगावचं, पाव्हणे गडहिंग्लजचे. मला एकूण नऊ दिवसांची रजा पाहिजे, पण ती सरसकट नऊ दिवस म्हणून धरू नका. त्यातले चार तयारीचे आहेत आणि पाच कार्याचे, आणि दोन्हीला मी वेगळं धरते कारण तयारीचे दिवस थोडे इकडंतिकडं होऊ शकतात, कार्याचे अजिबात नाहीत.

तयारीचे दिवस (किरकोळ रजेतून टाका)

शनिवार 14 नोव्हेंबर, बस्ता. दोन्हीकडची माणसं गांधीनगरला जाणार, शालू, मानपानाच्या साड्या, पाव्हण्यांचे फेटे सगळं एका दिवसात बांधायचं. नवरदेवाकडचे वीसेक जण गाडी करून येतायत.

मंगळवार 17, देवाच्या पत्रिका. पहाटे अंबाबाईला, तिथनं जोतिबाला. जोतिबाला रविवारी गर्दी असते म्हणून हा वार धरलाय. दुपारी परत येईन, पिग्मीवाल्यांचा संध्याकाळचा भरणा मीच घेते, त्यामुळं हा अर्धाच दिवस मांडला तरी चालेल. तुमची पत्रिका यानंतरच आणून देणार, देवाच्या आधी कुणाला देत नाही आम्ही, राग मानू नका.

रविवार 22, माहेरच्या आणि कागलकडच्या पत्रिका. भाऊबंदांना फोनवर सांगून चालत नाही, घरी जाऊन कुंकू लावूनच बोलवावं लागतं.

गुरुवार 26, लक्ष्मीपुरीतला बाजार आणि गुजरी. गुजरीचं जरा सविस्तर सांगते, कारण हे काम कुणावर सोपवण्यासारखं नाही. सासूबाईंचा साज पोरीला द्यायचाय, त्यातली दोन पानं आतली लाख सुटून हलायला लागलीत आणि दोराही कुजलाय. सोनार म्हणाले समोर बसा, एकेक पान मोजून काढतो, लाख भरून तुमच्यासमोरच परत ओवून देतो. सोन्याचं काम आहे, तुम्ही सोनेतारण बघता, तुम्हाला मी काय सांगायचं.

या चारांतला 22 अडचणीचा वाटला तर सांगा, पुढंमागं करते. घरात हे गाडीवर ड्युटीला असतात, त्यांना लग्नापुरतीच सुट्टी मिळणार आहे, म्हणून तयारीचं सगळं माझ्याच अंगावर आलंय, नाहीतर एवढे दिवस मागितले नसते.

कार्याचे दिवस (हक्काच्या रजेतून)

शुक्रवार 27 ला मुहूर्तमेढ, देवक बसवणं आणि दुपारी कासारीण येणार चुडा भरायला.
शनिवार 28 ला हळद.
रविवार 29 ला लग्न.
सोमवारी आपली सुट्टीच असते, तो मी धरलेला नाही.
मंगळवार 1 डिसेंबरला गडहिंग्लजला सत्यनारायण, आम्हाला जावंच लागतं.
बुधवार 2 ला देवक उठवायचं आणि मांडव, भांडी, भाड्याचं सामान परत करायचं.

गुरुवारी 3 तारखेला सकाळी वेळेवर कामावर हजर.

कॅशचं असं ठरवलंय. 25 ला संध्याकाळी बंद झाल्यावर तिजोरीतली रोकड अकाउंटंट मॅडमसोबत मोजून, नोटांचं वर्गीकरण रजिस्टरला लिहून, दोघींच्या सह्या करून माझ्याकडची किल्ली त्यांच्या ताब्यात देईन. 14 आणि 22 लाही आदल्या संध्याकाळी तसंच करीन, 17 च्या आधी सोमवारची सुट्टी येते म्हणून त्याचं रविवारी 15 ला संध्याकाळीच करीन. मॅडमशी बोलणं झालंय, त्या हो म्हणाल्यात. फक्त महिनाअखेर यात येतीय, त्यामुळं पिग्मीच्या खात्यांचा ताळा मी 25 पर्यंतचा जुळवून ठेवते, पुढचे चार दिवसच त्यांना बघावे लागतील. फाटक्या नोटांची पिशवी वरच्या खणात वेगळी ठेवलीय, ती रोकडीत मिसळू देऊ नका.

तयारीच्या दिवसांत काही अडलं तर बिनधास्त फोन करा, बाजारात असले तरी उचलीन. 27 ते 29 मात्र फोन लागला नाही तर समजून घ्या साहेब, आई म्हणून त्या तीन दिवसांत मला पोरीजवळच राहायचंय, परत ती अशी आमच्या घरात असणार नाही.

14 तारखेचं तेवढं या आठवड्यात सांगा, पाव्हण्यांना गाडी ठरवायची आहे. बाकीच्या रजेचा फॉर्म छापील हवा असेल तर उद्या भरून टेबलवर ठेवते.

आपली,
सौ. पाटील
कॅश काउंटर, राजारामपुरी शाखा, कोल्हापूर