दादा, राखी पोचली ना?

दारव्ह्याच्या पोस्टात पाकीट टाकलं तेव्हा पऱ्हाटीत डवरणी सुरू होती. आज राखीपोर्णिमा. सकाळी 8 वाजताच ताट केलं, मंग ध्यानात आलं, तुह्या जर्मनीत आता पहाटेचे साडेचारच वाजले असतील. 11 वाजेपर्यंत वाट पाहत बसली मी. फोन तांब्याले टेकवला, तू मनगट पुढं केलं. गाठ वहिनीनं मारली, पण राखी मीच निवडली होती, स्पंजवाली, लहानपणी तू हट्ट करून घ्यायचा ना, तशीच. कुंकू मी स्क्रीनवरच लावलं. तुह्या कपाळाच्या जागी उमटलेलं ते बोट आईनं अजून पुसू दिलं नाही.

भाऊबीजेले ये रे दादा. पाट मांडून ठेवते.

#राखीपोर्णिमा #माहा_दादा