यजमान आणि परजीवी यांच्यातील सहउत्क्रांतीची शस्त्रस्पर्धा

यजमानाची प्रतिकारक्षमता वाढली की ती भेदू शकणाऱ्या परजीवींची निवड होते आणि असे परजीवी वाढले की पुन्हा अधिक प्रतिकारक्षम यजमान टिकतात. या परस्पर निवडीला शस्त्रस्पर्धा म्हणतात. मात्र या शब्दामुळे दोन्ही पक्ष सतत अधिकाधिक घातक होत जातात असा समज होतो, आणि तो अपुरा आहे.

ऑस्ट्रेलियातील सशांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. युरोपातून आणलेल्या सशांनी तेथे उच्छाद मांडल्यामुळे 1950 मध्ये त्यांच्यात मिक्सोमा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला. दक्षिण अमेरिकेतील मूळ यजमान सशांमध्ये हा विषाणू केवळ त्वचेवर गाठ आणतो, परंतु त्याच्याशी कधीही सामना न झालेल्या युरोपीय सशांपैकी 99 टक्क्यांहून अधिक ससे सुरुवातीच्या वाणाने दगावत. तरीही काही वर्षांतच मध्यम मारकतेचे वाण सर्वत्र पसरले. हा प्रसार डासांमार्फत होत असल्याने, सशाला झटपट मारणाऱ्या वाणाला दुसऱ्या सशापर्यंत पोहोचण्यास थोडेच दिवस मिळत, तर ज्याचा रुग्ण अंगावरील व्रणांसह काही आठवडे जगे त्या वाणाचा प्रसार अधिक होई. म्हणजेच विषाणू यजमानावर दया करून सौम्य झाला नव्हता. प्रसाराच्या हिशेबात मध्यम मारकताच त्याला फायद्याची ठरली. याच काळात सशांमध्येही प्रतिकारक्षमता वाढली. विषाणुशास्त्रज्ञ फ्रँक फेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानटी सशांच्या पुढील पिढ्यांना प्रयोगशाळेत जपलेल्या एकाच वाणाची लागण केली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सातत्याने घटत गेलेले दिसले. पुढे प्रतिकारक्षम सशांवर मात करणारे, त्यांची रोगप्रतिकारयंत्रणा दडपणारे वाणही आढळले; स्पर्धा सौम्यतेवर येऊन थांबली नव्हती.

काही जोड्यांमध्ये मात्र चढाओढीऐवजी चक्राकार बदल दिसतात. जे जनुकीय रूप यजमानांत बहुसंख्य होते, त्यालाच परजीवी लक्ष्य करतो, त्यामुळे दुर्मीळ रूपांना तात्पुरता लाभ मिळतो. नुसते टिकून राहण्यासाठीही सतत बदलत राहावे लागते, असे सांगणारे उत्क्रांतिशास्त्रज्ञ ली व्हॅन व्हेलेन यांनी 1973 मध्ये मांडलेले 'लाल राणी' गृहीतक या प्रक्रियेसाठी वापरले जाते. बेल्जियममधील एका तळ्याच्या गाळात वेगवेगळ्या काळांतील डॅफ्निया या सूक्ष्म कवचधारी जीवाची सुप्त अंडी आणि त्याच्यावर जगणाऱ्या जिवाणूचे बीजाणू थरांमध्ये टिकून होते. संशोधकांनी दोन्ही पुन्हा जिवंत करून त्यांचा सामना घडवला, तेव्हा पूर्वीच्या किंवा नंतरच्या जिवाणूपेक्षा समकालीन जिवाणूच डॅफ्नियाला अधिक यशस्वीपणे बाधित करताना आढळला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष सतत सरकणाऱ्या लक्ष्याच्या कल्पनेला थेट आधार देतो. न्यूझीलंडमधील गोड्या पाण्याच्या गोगलगायींमध्ये परजीवी कृमींचा प्रादुर्भाव जेथे जास्त, तेथे लैंगिक प्रजनन करणाऱ्या गोगलगायींचे प्रमाणही जास्त आढळते, कारण जनुकांची दर पिढीतील नवी सरमिसळ परजीवीला नेमके लक्ष्य सापडू देत नाही.