वार्षिक कामगिरी मूल्यमापन : वित्त लिपिक, लेखा विभाग

कर्मचारी : सुजाता, वित्त लिपिक
ठिकाण : कास्टिंग कारखाना, उद्यमबाग, बेळगाव
कालावधी : 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025
मूल्यमापन : लेखा व्यवस्थापक
गुण : प्रत्येक मुद्द्याला 5 पैकी

अचूकता : 4

टॅलीतील नोंदी, बँक जुळवणी, खरेदी-विक्रीची बिले आणि पेटी कॅश ही सुजाता यांची रोजची कामे. वर्षअखेरच्या ऑडिटमध्ये त्यांच्या खात्यांवर तीन शेरे आले. त्यांपैकी दोन नावसाधर्म्याचे होते. सारख्या नावाच्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकाची जमा दुसऱ्याच्या लेजरला गेली होती. रक्कम बुडाली नाही, पण कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला वसुलीचा फोन गेला आणि त्याने तो मनावर घेतला. एक गुण त्यासाठी कमी केला आहे. तिसरा शेरा नॅरेशन अपुरे असल्याचा होता, तो किरकोळ.

दुसऱ्याच्या चुका पकडण्यात त्यांचा हात धरणारे आमच्याकडे कोणी नाही. एका पुरवठादाराच्या खात्यात 2,700 रुपयांचा फरक येत होता. फरकाला 9 ने नि:शेष भाग जातो म्हटल्यावर आकडे उलटसुलट पडले असणार असे धरून त्यांनी शोध घेतला आणि 18,540 च्या जागी 15,840 टाकलेले बिल काढून दाखवले.

शिनोळीचे उदाहरण मुद्दाम देतो. मशीनिंगसाठी आपण कास्टिंग शिनोळीला पाठवतो. मालक राहतो बेळगावात, चेक इथल्याच बँकेत वटतो, म्हणून सगळ्यांना तो घरचाच वाटतो. पण शेड चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होणारा. जूनमध्ये त्याच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी लागून आला होता. आयजीएसटीचे सुधारित बिल येईपर्यंत सुजाता यांनी नोंद केली नाही. त्याने दोनदा फोन करून 'एवढ्याशा गोष्टीला काय अडवता' म्हणून ऐकवले, तरीही नाही.

महिनाअखेरच्या मुदती : 3

वर्षभरातला माझा नाराजीचा मुद्दा हाच. क्लोजिंग पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला व्हायला हवे. बारापैकी सात महिने ते झाले, उरलेल्या महिन्यांत 8-9 तारीख उजाडली. ऑक्टोबरचे तर दिवाळी आणि 1 नोव्हेंबरची राज्योत्सवाची सुट्टी एकत्र आल्याने 11 पर्यंत लांबले. त्या महिन्याबद्दल त्यांना दोष देत नाही.

सरकारी तारीख मात्र एकही चुकली नाही. टीडीएस 7 ला, जीएसटीआर-1 11 ला, पीएफ-ईएसआय 15 ला, 3बी आणि व्यवसाय कर 20 ला. टीडीएसचा हिशेब त्या क्लोजिंगची वाट न पाहता वेगळा काढून ठेवतात, त्यामुळे क्लोजिंग लांबलेल्या महिन्यांतही तो वेळेत भरला गेला.

उशिराचे अर्धे कारण स्टोअर्समध्ये आहे. वाळू, बेंटोनाइट, हार्डनर यांची बिले तिथे टेबलावर पडून राहतात आणि 3 तारखेला गठ्ठ्याने येतात. याबद्दल स्टोअर्सला वेगळे पत्र दिले आहे. पण उरलेले अर्धे कारण सुजाता यांचा स्वभाव आहे. शेवटचे बिल हाती येईपर्यंत त्या खाते बंद करायला तयार होत नाहीत. 900 रुपयांच्या कुरिअर बिलासाठी नफा-तोटा पत्रक दोन दिवस थांबवणे परवडत नाही, तिथे तरतुदीची नोंद टाकून पुढे जायचे असते. हे मी ऑगस्टमध्ये आणि पुन्हा जानेवारीत सांगितले. फेब्रुवारीपासून फरक दिसतो आहे.

आणखी एक. न आलेल्या बिलांची यादी त्यांच्या स्वतःच्या डायरीत असते. डिसेंबरमध्ये त्या खानापूरला लग्नाला गेल्या तेव्हा कोणाचे काय बाकी आहे हे कोणालाच सांगता येईना.

नियमपालन : 4.5

दुसऱ्या राज्यात जॉब वर्कला माल पाठवताना त्याची किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागते. 50,000 ची मर्यादा तिथे चालत नाही. 'पंधरा किलोमीटरवर तर जायचंय' म्हणून डिस्पॅचने 8,000 च्या कास्टिंगची गाडी नुसत्या चलनावर काढली होती, ती यांनी गेटवरून परत बोलावली. डिस्पॅचची मंडळी दोन दिवस बोलत नव्हती. त्यानंतर मात्र एकही गाडी तशी गेली नाही.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत चुकते करावे लागतात. वर्षअखेर मुदत उलटून बाकी राहिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरली जात नाही. उद्यमबागेतले आपले निम्मे पुरवठादार याच गटातले. प्रत्येकाचा उद्यम नोंदणी क्रमांक मागवून, निव्वळ व्यापारी कोण आणि उत्पादक कोण हे वेगळे करून सुजाता यांनी यादी केली. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

कामगार खाते आणि व्यवसाय कराची कन्नडमधली पत्रे त्या स्वतः वाचतात आणि त्याच दिवशी मजकूर मराठीत लिहून माझ्याकडे देतात. अर्धा गुण कापला तो जॉब वर्कच्या चलनांची फाइल क्रमाने न लावल्याबद्दल. आयटीसी-04 भरताना ती शोधण्यात सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला.

पैशाबाबत सचोटी : 5

सप्टेंबरमध्ये पेटी कॅशमध्ये 340 रुपये कमी भरले. अशा वेळी खिशातून भरून मोकळे होण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि त्याला प्रामाणिकपणा समजले जाते. माझ्या मते खिशातून भरून जुळवलेली कॅश ही खोटीच. सुजाता यांनी कॅशबुकात 'कमी 340' असे लिहून सही केली आणि मला सांगितले. पुढे हमालीचे न लिहिलेले व्हाउचर सापडले.

पॅटर्नवाल्याला 18,000 रोख हवे होते. एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही. त्यावर 'दोन तारखांच्या दोन पावत्या करा' असा सल्ला प्रॉडक्शनकडून आला. पैसे एकदाच देणार असताना दुसऱ्या दिवसाची पावती लिहिणार नाही, असे सांगून सुजाता यांनी बँकेतून रक्कम पाठवली. सल्ला देणारे हुद्द्याने त्यांच्यापेक्षा मोठे होते, हे इथे नोंदवतो.

दिवाळीत भंगारवाल्याने मिठाईबरोबर 5,000 चे पाकीट ठेवले. मिठाई सगळ्यांत वाटली गेली, पाकीट माझ्या टेबलावर आले आणि सही घेऊन परत केले. पाकीट कशासाठी, या शंकेने सुजाता यांनी मागच्या तीन महिन्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या भंगाराच्या बिलांशी ताडून पाहिल्या. एका खेपेला 180 किलो कमी लावलेले निघाले. 38 च्या दराने 6,840 रुपये वसूल झाले. त्याची वाच्यता त्यांनी कुठे केली नाही.

कर्मचाऱ्याचे म्हणणे

'स्टोअर्सची बिले 30 तारखेच्या आत मिळाली तर 5 तारीख मी पाळेन. तरतूद करताना रक्कम चुकली तर जबाबदारी कोणाची, हे लेखी द्यावे.'

मागणी रास्त आहे. 5,000 पर्यंतच्या तरतुदीची जबाबदारी माझी राहील, असे पत्र याच महिन्यात देत आहे.

पुढील वर्ष आणि शिफारस

बाकी बिलांची यादी डायरीतून सामायिक शीटमध्ये आणावी. जुलैपासून क्लोजिंग सलग 5 तारखेला व्हावे. रजेच्या काळात कॅश आणि ई-वे बिल सांभाळेल अशा एका सहकाऱ्याला सप्टेंबरपर्यंत तयार करावे. चलनांची फाइल दर शनिवारी लावावी, तिची तपासणी मी करीन.

एकूण 20 पैकी 16.5. पगार 24,000 वरून 26,500 करावा, ही शिफारस. पगार 25,000 च्या वर जात असल्याने दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापला जाईल, याची कल्पना त्यांना दिली आहे. त्यांनी ते आधीच मोजून ठेवले होते.