पहिला व्हिडिओ कॉल: अनुजा आणि सौरभ

कॉल संपल्यावर त्याच रात्री, आठवेल तसे, मी हे संभाषण लिहून काढले आहे. दोन्ही घरांची ओळख माझ्या मावशीने करून दिली होती आणि त्याआधी आमच्यात वेळ ठरवण्यापुरते दोन संदेश झाले होते. कंसातले शेरे माझे आहेत.

(रविवार, संध्याकाळी सात वाजता. सौरभचा चेहरा दिसला, ओठ हलताना दिसले, पण आवाज आला नाही. ते बरेच काही बोलून गेले. मी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर "आवाज बंद आहे" असे मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर धरले.)

सौरभ: आता येतो आहे का आवाज? माफ करा. मी अगदी मनापासून नमस्कार केला होता, तो वाया गेला.

अनुजा: वाया गेला नाही, हात जोडलेले दिसले. नमस्कार सौरभ. मी अनुजा. खरे सांगायचे तर तुमचा आवाज बंद होता हे बरेच झाले, कारण तोपर्यंत माझी धडधड थोडी कमी झाली.

सौरभ: तुम्हालाही धडधड होत होती हे ऐकून मला फार हायसे वाटले. सकाळपासून आईने तीन वेळा विचारले की शर्ट कोणता घालणार, आणि मी तिन्ही वेळा वेगळे उत्तर दिले. इतकेच नाही, तर मी सुरुवातीचे वाक्य कागदावर लिहून ठेवले आहे.

अनुजा: मग ते ऐकायलाच हवे. वाचून दाखवा.

सौरभ: "नमस्कार. आपल्याशी संवाद साधण्याची संधी मिळाली याबद्दल मी आपला व आपल्या कुटुंबीयांचा आभारी आहे."

अनुजा: एखाद्या संस्थेच्या वार्षिक सभेचे प्रास्ताविक वाटते आहे. यानंतर हिशेब मंजुरीसाठी ठेवणार का?

(इथे आम्ही दोघेही हसलो, आणि मग दोघेही एकदम बोलू लागलो, दोघेही थांबलो, पुन्हा दोघेही एकदम "तुम्ही बोला" म्हणालो.)

अनुजा: याचे कारण सांगते, म्हणजे आपण दोघे अवघडणार नाही. मी श्रवणतज्ज्ञ आहे, ऐकण्याच्या तपासण्या करते. समोरासमोर बोलताना एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग एवढेच अंतर असते. अशा कॉलवर आवाज पोहोचायलाच कधी कधी तेवढा वेळ लागतो, त्यामुळे समोरचा गप्प आहे असे वाटून आपण बोलायला सुरुवात करतो आणि तेवढ्यात त्याचे शब्द येऊन आदळतात. तेव्हा मी थोडी थांबले, तर "हिला माझे बोलणे आवडले नाही" असे समजू नका.

सौरभ: हे आधी कळले असते तर मागच्या दोन मिनिटांतली निम्मी काळजी वाचली असती. मग असे करू या, बोलून झाले की मान हलवायची.

अनुजा: चालेल. आणखी एक विचारते, राग मानू नका. तुमच्या खोलीत आत्ता आणखी कोणी आहे का?

सौरभ: राग कसला, योग्य प्रश्न आहे. कोणी नाही. दार लोटलेले आहे, आई-बाबा बाहेर आहेत, आणि हा कॉल मी रेकॉर्ड करत नाही. तुमच्याकडे?

अनुजा: मीही एकटीच आहे, आणि मीही करत नाही. बाबा मघाशी नेटवर्क ठीक आहे का हे बघायला दोनदा येऊन गेले. आता येणार नाहीत असे म्हणाले आहेत. आपण अर्धा तास धरू या. त्याआधी कुणाला थांबावेसे वाटले तर सरळ सांगायचे, कारण द्यायची गरज नाही.

सौरभ: मान्य आहे. (मान हलवली. ही सवय त्यांनी शेवटपर्यंत पाळली.)

अनुजा: तुमच्या परिचयपत्रात "जुन्या कागदपत्रांचे जतन" असे लिहिले आहे. म्हणजे दिवसभर तुम्ही नेमके काय करता?

सौरभ: बहुतेक वेळ वाट पाहतो. फाटलेल्या पानाच्या मागे पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीने लावायचा आणि तो दाबाखाली सुकेपर्यंत हात लावायचा नाही. खळ अशासाठी, की पुढे कुणाला माझे काम चुकीचे वाटले तर ओलावा देऊन ते सोडवता आले पाहिजे. पण लोखंडाचे क्षार आणि मायफळ यांची जुनी शाई असेल तर पाणीसुद्धा जपून वापरावे लागते, कारण ती शाईच आम्लामुळे कागद खात असते. कधी कधी अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक सापडते.

अनुजा: अक्षर जाते आणि तरीही वाचता येते?

सौरभ: हो, कधी कधी येते. मागे काळा कागद धरायचा.

(हे वाक्य त्यांनी सहज म्हटले आणि पाण्याचा घोट घेतला. मला मात्र थोडा वेळ पुढचा प्रश्न सुचला नाही. त्यांनी ते मौन भरायची घाई केली नाही, हे मला आवडले.)

सौरभ: आता मी विचारू का? हा प्रश्न कागदावर नाही. तुम्ही या कॉलला स्वतःच्या मनाने बसला आहात का?

अनुजा: कॉलला हो, स्वतःच्या मनाने. लग्नाबद्दल मात्र घरच्यांइतकी घाई मला नाही. मला माणूस आधी कळायला हवा, आणि नोकरी सोडायची नाही हे मी घरात स्पष्ट सांगितले आहे. तुमचे काय?

सौरभ: पहिल्यांदा मी नाही म्हणालो होतो. मग तुमच्या मावशींकडून कळले की तुम्ही मुलांच्या तपासणीसाठी स्वतः खेळणी बनवता, तेव्हा वाटले, निदान ती कशी बनवता एवढे तरी विचारावे. तुमच्या नोकरीबद्दल मला काही अडचण नाही. माझे काम मात्र कमी पगाराचे आहे आणि तसेच राहण्याची शक्यता आहे, हे तुम्ही आजच ऐकलेले बरे.

अनुजा: ऐकले. सांगितलेत ते चांगले केलेत. आणि खेळण्यांचे म्हणाल तर ते खुळखुळे आहेत. एकात तांदूळ, एकात वाटाणे, आवाज वेगवेगळे. मूल कोणत्या बाजूला वळते ते बघायचे. यंत्राच्या तपासणीची जागा ते घेत नाहीत, पण घाबरलेले मूल त्यांच्याशी आधी मैत्री करते.

सौरभ: आज मलाही एखादा पाठवायला हवा होतात.

(साडेसात वाजून गेले होते. आधी माझ्याच लक्षात आले.)

अनुजा: आपली वेळ संपली. आता घरी दोघांनाही विचारतील. वेगवेगळे सांगून गोंधळ नको. मी म्हणेन, "बोलणे मोकळेपणाने झाले, पुढच्या रविवारी पुन्हा बोलणार आहोत, तोवर कोणी काही ठरवू नये." तुम्हाला पटते का?

सौरभ: शब्दशः तेच सांगतो. लिहून घेऊ का?

अनुजा: नको, तुमचे लिहिलेले आज ऐकले आहे. त्या कागदावर शेवटी काय होते?

सौरभ: "फोन ठेवण्यापूर्वी काकांना नमस्कार सांगणे." तेवढा सांगाल ना?

अनुजा: सांगायची गरज नाही. ते दाराशीच उभे आहेत.