डीएनएच्या दोन साखळ्या एकत्र कशाने राहतात? बेस-जोड्या आणि स्टॅकिंग

उत्तर : सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. "हायड्रोजन बंधांमुळे डीएनएची दुहेरी सर्पिल रचना टिकते" हे बारावीपर्यंत चालतं, पण ते अर्धंच उत्तर आहे.

अ‍ॅडेनीनची जोडी थायमीनशी दोन हायड्रोजन बंधांनी जुळते, ग्वानीनची सायटोसीनशी तीन बंधांनी. प्रत्येक जोडीत एक मोठं प्युरीन आणि एक लहान पिरिमिडीन असल्याने सगळ्या जोड्यांची रुंदी जवळजवळ सारखी राहते आणि सुमारे 2 नॅनोमीटर व्यासाचा हेलिक्स कुठे फुगत नाही की आवळत नाही.

आता खरी मेख. साखळ्या सुट्या असतात तेव्हा बेसच्या कडा मोकळ्या नसतात, त्यांनी पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध केलेले असतात. जोडी जुळताना हे बंध तुटतात आणि त्यांच्या जागी एकमेकांशी नवे होतात. त्यामुळे निव्वळ ऊर्जालाभ थोडाच. मात्र चुकीचा जोडीदार समोर आला तर पाण्याशी असलेले बंध जातात आणि बदल्यात पुरेसे मिळत नाहीत. म्हणून कोणासमोर कोण बसणार, हे प्रामुख्याने हायड्रोजन बंध ठरवतात.

स्थैर्याचा मोठा वाटा स्टॅकिंगचा. बेसच्या कडा पाण्याशी जमवून घेतात, पण त्यांच्या सपाट बाजूंना पाणी नको असतं. म्हणून जोड्या भाकऱ्यांच्या चळतीसारख्या एकीवर एक बसतात, दोन जोड्यांत अंतर जेमतेम 0.34 नॅनोमीटर. भाकरी नेमकी भाकरीवर असते. इथे मात्र प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा साधारण 34 ते 36 अंशांनी वळलेली असते. इतक्या जवळून व्हॅन डर वाल्स आकर्षण प्रभावी ठरतं. त्यात जलविरोधी परिणाम आणि बेसवरच्या आंशिक प्रभारांच्या आंतरक्रियांची भर पडते.

पुरावा हवा असेल तर 5′-AT-3′ आणि 5′-TA-3′ या दोन पायऱ्या पाहा. दोन्हींत दोनच जोड्या, दोन्हींत हायड्रोजन बंध चारच. तरी 37 °C ला, 1 M NaCl मध्ये मुक्त ऊर्जेतला बदल ΔG° (जितका ऋण तितकी रचना स्थिर) अनुक्रमे −0.88 आणि −0.58 kcal/mol. बंध तेवढेच असताना आलेला हा फरक मुख्यतः चळत कशी बसली यातूनच येतो. GC-समृद्ध डीएनएचा Tm, म्हणजे निम्मं डीएनए वितळून साखळ्या सुट्या होतात ते तापमान, जास्त असण्याचं श्रेयही एकट्या तिसऱ्या बंधाला देऊ नये, तिथलं स्टॅकिंगही बळकट असतं.

चळत उसवली की 260 नॅनोमीटरला प्रकाशशोषण वाढतं (हायपरक्रोमिसिटी). वितळण-वक्र आपण त्यावरच काढतो.

विरुद्ध बाजूने ओढणारं बल म्हणजे फॉस्फेटच्या ऋण प्रभारांचं परस्पर प्रतिकर्षण. Na⁺ आणि Mg²⁺ ते झाकतात. मीठ कमी केलं की Tm घसरतो, तो याचमुळे.