ऐकलंत, म्हणून: लष्करातल्या चार व्याख्यानांच्या अखेरच्या ओळी

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात एका जुन्या वाड्याच्या चौकात, डिसेंबरातल्या चार संध्याकाळी मी ग्वाल्हेर गायकीवर बोलले. प्रत्येक दिवशी शेवटी जे बोलले ते इथे तसंच उतरवलं आहे.

पहिली संध्याकाळ: हद्दू खाँ, हस्सू खाँ

मंडळी, इथे थांबते.

सात वाजता संपवेन असा शब्द दिला होता, साडेसात झालेत. कोणी उठलं नाही, कोणी घड्याळ बघितलं नाही. म्हणून मीही बोलत राहिले. त्याबद्दल आधी मनापासून आभार.

आज शेवटी सांगितलेली गोष्ट घरी नातवंडांना जरूर सांगा. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे मोहम्मद खाँ गायचे. नत्थन पीरबख्शांचे नातू, हद्दू आणि हस्सू, आडोशाला लपून ते गाणं ऐकायचे. आख्यायिका आहे, लेखी पुरावा मागू नका. पण इथल्या गवयांच्या घराघरांत ती पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते, आणि मला ती प्रिय आहे. त्या मुलांना बडे मोहम्मद खाँची तान कोणी शिकवली नव्हती. त्यांनी ती ऐकून घेतली, आणि पुढे त्यांच्या गळ्यातून निघाली ती आपली ग्वाल्हेरची गायकी.

आज तुम्ही दीड तास तसंच ऐकत बसलात. थंडीत, पाय आखडून. तुमचे खूप आभार.

उद्या याच वेळी. येताना एक जण तरी सोबत आणा. नमस्कार.

दुसरी संध्याकाळ: चीज आणि तिची मांडणी

पुरे करते आता. गळाही थकलाय, आणि तबल्यावर बसलेल्या आमच्या विद्यार्थ्याची उद्या परीक्षा आहे.

पण आभार मानायच्या आधी एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगते. मघाशी हमीरातली चीज म्हणून दाखवली, अस्थाई म्हटली आणि तशीच तानेवर गेले. दुसऱ्या रांगेतल्या आजी चटकन म्हणाल्या, "अगं, अंतरा राहिला की."

आजी, तुमचं अगदी बरोबर आहे. अंतरा राहिला होता. ग्वाल्हेरवाले आधी पूर्ण चीज मांडतात. अस्थाई आणि अंतरा, दोन्ही, स्वच्छ, शब्द ऐकू येतील अशा. मगच पुढचा विस्तार. आलाप, बोलआलाप, तान, बोलतान, मींड, गमक ही सगळी त्या चीजेच्या अंगाखांद्यावर वाढतात. चीज अर्धी ठेवून विस्तार करायचा म्हणजे दार न उघडता माणसांना घरात बोलवायचं. मी वेळ वाचवायला गेले आणि नेमकी तीच गोष्ट सोडली जी समजावून सांगायला इथे बसले होते. तुम्ही सांगितल्यावर अंतरा म्हटला, तेव्हाच चीज पुरी झाली.

आजी, तुमचे पहिले आभार. वयानं तर मोठ्या आहातच, कानानंही मोठ्या आहात. असा श्रोता समोर असला की गवय्याला चुकीचं गाऊन पुढे जाता येत नाही. हे शहर गाण्याचं गाव म्हणून टिकलं, त्यात दरबाराचा वाटा होता, उस्तादांचा होता, आणि अशा दुसऱ्या रांगेचाही होता. हे मी मनापासून बोलते आहे.

बाकी सगळ्यांचेही आभार. तिलवाड्याच्या सोळा मात्रा हातावर मोजत होतात, समेवर मान हलत होती, ते मला इथून दिसत होतं. ज्यांची सम आज हुकली त्यांनी उद्या या, पुन्हा मोजू.

चहा मागच्या ओसरीवर आहे. मुरैन्याची गजक कोणीतरी आणली आहे, नाव सांगत नाहीत. ज्यांनी आणली त्यांचेही आभार. नमस्कार.

तिसरी संध्याकाळ: ग्वाल्हेर ते मिरज

माइक बंद आहे, म्हणून जरा मोठ्यानं बोलते. मागे ऐकू येतंय ना?

लाइट अजून आलेली नाही. तुम्ही मोबाइल उजेडाला धरलेत, मी बोलत राहिले, आणि एक जणही उठून गेला नाही. हे मी विसरणार नाही.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे आले तेव्हा तर असला उजेडही नव्हता. वासुदेवबुवा जोश्यांच्या घरी राहून त्यांनी ही गायकी घेतली आणि दक्षिणेत नेली. मिरजेत त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. त्यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. या गल्ल्यांमधून निघालेली चीज कृष्णाकाठ फिरून पार रावीच्या काठी पोचली.

अंधारात ऐकल्याबद्दल आभार. पायऱ्या सांभाळून उतरा, तिसरी पायरी फुटलेली आहे. काका, तुम्ही थांबा, माझा विद्यार्थी तुम्हाला हात देतोय. नमस्कार, नमस्कार.

चौथी संध्याकाळ: विद्यालयं, आणि आपण

मंडळी, आज शेवटचा दिवस. बसा, घाई नाही. आज पाच मिनिटं जास्त घेणार आहे.

आज आपण 1914 आणि 1918 ही दोन सालं लक्षात ठेवली. 1914 साली कृष्णराव शंकर पंडितांनी वडिलांच्या नावानं गांधर्व विद्यालय काढलं. 1918 साली माधवराव महाराजांच्या आश्रयानं, भातखंड्यांच्या पुढाकारानं माधव संगीत विद्यालय सुरू झालं. त्यासाठी इथल्या काही गवयांना भातखंड्यांकडे मुंबईला शिकायला पाठवलं गेलं. ज्यांनी आयुष्यभर कानानं गाणं घेतलं, ते वहीत स्वर लिहायला शिकले. राजाभैया पूछवाले त्यांतलेच. मला हे फार मोठं वाटतं. आपली विद्या ज्याला पक्की येते त्यानं पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसणं सोपं नसतं.

वही आली म्हणून चीजा वाचल्या, हे खरंच. पण माझे गुरुजी शिकवणीला बसलं की पहिलं वाक्य म्हणायचे, "वही मिटा, इकडे बघा." मी तेव्हा नऊ वर्षांची होते. वही मिटली की भीती वाटायची, आता विसरलं तर? मग ते एकच ओळ दहा वेळा म्हणायचे. दहाव्या वेळी ती माझी झालेली असायची. आज त्यांची आठवण फार येते आहे. ते असते तर त्या खांबाला टेकून बसले असते.

आता आभार. यादी मोठी आहे, नावं घेत नाही. नावं घेतली की कोणीतरी राहतं.

ज्यांच्या वाड्याचा हा चौक आहे त्यांचे आभार. चार दिवस त्यांच्या घरात रोज चपलांचा ढीग होता आणि त्यांनी दरवाजा एकदाही अर्धा लावला नाही. तबला, पेटी आणि तानपुरा सांभाळणाऱ्या माझ्या तिन्ही विद्यार्थ्यांचे आभार. तानपुरा मिळवणारी मुलगी रोज एक तास आधी येऊन बसायची, या थंडीत तारा सुरात राहत नाहीत म्हणून. सतरंज्या घालणाऱ्यांचे, चहा करणाऱ्या वहिनींचे, रात्री गल्लीच्या तोंडापर्यंत म्हाताऱ्यांना सोडून येणाऱ्या मुलांचे आभार.

जो हिंदी घरों से आए हैं, आप सबका भी बहुत-बहुत शुक्रिया. मराठी पूरी समझ में नहीं आई होगी, फिर भी चारों दिन आए, यह मेरे लिए बहुत बड़ी बात है.

हो, हिंदीत बोलले. या शहरात आपण असेच बोलतो, एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात हिंदी. घरी आईशी मराठी, बाड्यावर भाजी घेताना हिंदी. आपली गायकीही अशीच आहे. चीजेचे शब्द ब्रजचे, उस्ताद खाँसाहेब, शिष्य जोशी आणि पंडित. मराठी माणसानं ती सांभाळली, वाढवली, पण ती त्याच्या एकट्याची कधीच नव्हती. हजिऱ्याला तानसेनांच्या समाधीवर समारोह सुरू होतो तेव्हा सकाळी हरिकथाही होते आणि मिलादही होते. ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी यंदा जरूर पाहा. मोठे कलाकार रात्री असतातच. पण त्या सकाळी अर्धा तास तिथे नुसते बसा.

आणि आता तुम्ही. पहिल्या दिवशी मोजून एकतीस जण होतात. आज बाहेर ओट्यावरही माणसं बसली आहेत. कुणी मुलाला मांडीवर घेऊन बसलं आहे, कुणी दवाखान्यातून थेट इथे आलं आहे, पिशवीत औषधं आहेत ती मला दिसतात. तुम्हाला प्रत्येकाला आज दुसरं काहीतरी काम होतं. ते बाजूला ठेवून आलात.

गेली चाळीस वर्षं मी शिकवते. रिकाम्या खोलीत रियाज केला आहे, भिंतीपुढे गायले आहे. भिंत मान हलवत नाही, अंतरा राहिला तर सांगत नाही. तुम्ही सांगितलंत. चार दिवसांत मला माझ्याच चीजा नव्यानं ऐकू आल्या, त्या तुमच्यामुळे. आडोशाला बसलेली ती दोन मुलं पहिल्या दिवशी मी तुम्हाला गोष्टीत दाखवली. पुढचे तीन दिवस ती मला इथे, या चौकात बसलेली दिसत होती.

मनापासून आभार. अगदी मनापासून.

आता सगळ्यांनी मिळून हमीरातली तीच चीज म्हणू या. अस्थाई येते सगळ्यांना. अंतरा आजी सुरू करतील, मग आपण मागे. आजी, या, इथे पुढे बसा. त्यांना जागा द्या जरा. तानपुरा लागला आहे ना गं?

चला. सा धरा.