बिघाड अहवाल: बॉयलर आयडी फॅन, इम्पेलर बाजूचे बेअरिंग (तपासणी व देखभाल इतिहासासह)

ठिकाण: टेरी टॉवेल प्रोसेसिंग युनिट, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर
यंत्र: बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरचा आयडी फॅन, बेल्ट ड्राइव्ह, मोटर ३७ किलोवॅट
बेअरिंग: दोन्ही बाजूंना २२२१८ के/सी३, एच ३१८ स्लीव्ह, शाफ्ट ८० मिमी, स्प्लिट प्लमर ब्लॉक
बिघाड: मंगळवार, १३ मे २०२५, पहाटे २.४०
पुन्हा चालू: त्याच दिवशी दुपारी ४.१० (१३ तास ३० मिनिटे बंद)
अहवाल: मेंटेनन्स विभाग, १६ मे २०२५

काय घडले

तिसऱ्या पाळीत फॅनमधून घरघर सुरू झाली आणि काही मिनिटांत मोटर ओव्हरलोडवर ट्रिप झाली. भट्टीतला ड्राफ्ट गेल्याने फायर डोअरमधून धूर उलटा आला. अटेंडंटने इंधन फीडर व एफडी फॅन लगेच बंद केले, त्यामुळे बॉयलरला इजा नाही. फॅन थांबल्यावर इम्पेलर बाजूच्या हौसिंगचे तापमान ११८° से. भरले. वाफ नसल्याने डाईंग आणि ड्रायर दोन्ही थांबले.

तपासणी व देखभाल इतिहास

खालील तक्ता इन्स्टॉलेशन रिपोर्ट, जॉब कार्डे, स्टोअरच्या इश्यू स्लिपा, व्हायब्रेशन एजन्सीचे कागद आणि शनिवारचे ग्रीसिंग रजिस्टर यांवरून लावला आहे. सर्व आकडे इम्पेलर बाजूच्या बेअरिंगचे. ज्या नोंदीत आकडा नाही, ती तपासणी झाली असे धरलेले नाही. तिथे ‘आकडा नाही’ असेच लिहिले आहे, मग रजिस्टरात ‘ओके’ असो वा सही असो.

| तारीख | काय तपासले / केले | मिळालेला आकडा | आधार |
|---|---|---|---|
| ऑगस्ट २०२१ | फॅन बसवला. पुली बाजू फिक्स (लोकेटिंग रिंग २), इम्पेलर बाजू फ्री (रिंग नाही) | बसवल्यावर क्लिअरन्स ०.०५ मिमी | इन्स्टॉलेशन रिपोर्ट |
| ११ ऑक्टो. २०२३ | वार्षिक शटडाऊन: इम्पेलर साफ, बॅलन्सिंग, बेअरिंग उघडून पाहिले | क्लिअरन्स ०.०६ मिमी | जॉब कार्ड |
| ९ नोव्हें. २०२४ | व्हायब्रेशन व तापमान | आडवे २.१, उभे १.६, अक्षीय ०.९ मिमी/से, ५७°, हवा २९° | एजन्सी |
| १६ फेब्रु. २०२५ | आवाज येत असल्याने बेअरिंग व स्लीव्ह बदलली | काढण्यापूर्वी आडवे ३.९, नव्या बेअरिंगचा क्लिअरन्स ‘ओके’, आकडा नाही | जॉब कार्ड |
| १६ फेब्रु. २०२५ | स्टोअरमधून माल | बेअरिंग १, स्लीव्ह १, लोकेटिंग रिंग १२.५/१६० नग २ | इश्यू स्लिप |
| २२ फेब्रु. २०२५ | ग्रीसिंग, तापमान | ७१°, हवा ३३° | रजिस्टर |
| १५ मार्च २०२५ | व्हायब्रेशन | आडवे १.८, उभे १.५, अक्षीय २.६ | एजन्सी |
| १२ एप्रिल २०२५ | ग्रीसिंग, तापमान | ७९°, हवा ४०°. शेरा ‘उन्हाळा’ | रजिस्टर |
| १५ एप्रिल २०२५ | मासिक व्हायब्रेशन | झाले नाही | एजन्सीचा कागद नाही |
| १९ व २६ एप्रिल | ग्रीसिंग, तापमान | दोन्ही दिवशी ७९°/४०°, वेळ लिहिलेली नाही. ग्राह्य धरलेले नाही | रजिस्टर |
| ३ मे २०२५ | तापमान जास्त म्हणून दोनदा ग्रीस | ८६°, हवा ४१° | रजिस्टर |
| १० मे २०२५ | ग्रीसिंग | सही आहे, आकडा नाही | रजिस्टर |

इतिहासातून काय दिसते

नुसते तापमान पाहिले तर ५७ वरून ८६ अंशांपर्यंत हळूहळू चढत गेल्यासारखे वाटते, आणि फेब्रुवारी ते मे या काळात सोलापुरात ते कोणालाही उन्हाचेच वाटेल. हवेचे तापमान वजा केले की चित्र बदलते. नोव्हेंबरमध्ये फरक २८ अंश होता. बेअरिंग बदलल्यावर पहिल्याच शनिवारी तो ३८ झाला, एप्रिलमध्ये ३९ आणि ३ मे रोजी ४५. म्हणजे उडी १६ ते २२ फेब्रुवारीच्या दरम्यानच बसली, तेव्हा उन्हाळा धड सुरूही झाला नव्हता.

मार्चचा व्हायब्रेशनचा कागद हिरव्या शेऱ्याने फाइल झाला, कारण आयएसओ १०८१६-३ नुसार या गटाच्या, पक्क्या पायावरच्या यंत्राला २.८ मिमी/से पर्यंत चालते आणि सर्वांत मोठा आकडा २.६ होता. पण आडवे आणि उभे कंपन नोव्हेंबरपेक्षा कमी झाले असताना अक्षीय जवळजवळ तिप्पट झाले होते. मर्यादेत असलेला आकडाही मागच्या आकड्याशेजारी ठेवून वाचायला हवा होता.

उघडल्यावर सापडले ते

इम्पेलर बाजूच्या हौसिंगमध्ये बेअरिंगच्या दोन्ही अंगांना १२.५ मिमीच्या लोकेटिंग रिंग होत्या. ही फ्री बाजू आहे, इथे एकही रिंग नको. बाहेरच्या रेसवर फक्त इम्पेलरकडच्या ओळीत पापुद्रे निघालेले, त्या ओळीचे रोलर निळे-काळे. दुसरी ओळ जवळजवळ नवी. पुली बाजूचे बेअरिंगही उघडले. तिथे पुलीकडच्या ओळीत गडद पट्टा उमटला आहे, पापुद्रे नाहीत. दोन्ही बेअरिंगांची बाहेरची ओळ दाबली गेली, म्हणजे लांबलेला शाफ्ट त्यांना एकमेकांपासून दूर ढकलत होता.

कारण

बेअरिंगांच्या मध्यांतले अंतर ८५० मिमी. फ्ल्यू गॅसमुळे शाफ्ट पायाच्या चौकटीपेक्षा सुमारे ४०° जास्त तापतो असे धरले, तर वाढ:

```
0.000012 × 850 × 40 = 0.41 mm
```

फ्री बाजूला ही वाढ हौसिंगमध्ये सरकून निघून जाते. दोन्ही बाजू रिंगांनी अडकल्यावर ती बेअरिंगच्या आतल्या ढिलाईवर येते, आणि बेअरिंग तापेल तशी ढिलाईही कमी होते.

रिंगा फिटरने स्वतःहून मागितल्या नव्हत्या. स्टोअरच्या यादीत ‘आयडी फॅन बेअरिंग सेट’ असा एकच संच आहे, दोन्ही बाजूंसाठी तोच, आणि त्यात रिंगा धरलेल्या आहेत. हातात आलेला माल बसवला गेला.

नाकारलेली कारणे

ग्रीस कमी पडले नाही. गनचे दहा स्ट्रोक वजन करून पाहिले, १२ ग्रॅम भरले. आठवड्याचे पाच स्ट्रोक म्हणजे ६ ग्रॅम. या आकाराला एका वेळची मात्रा ०.००५ × १६० × ४० = ३२ ग्रॅम येते, पाच-सहा आठवड्यांत तेवढे जात होते. हौसिंगमध्ये ग्रीस पुरेसे होते, जळून काळे पडलेले, पण पाण्याने पांढरट झालेले नव्हते. दोन जातींची ग्रीस मिसळल्याचा संशयही टिकत नाही, कारण स्टोअर लेजरात लिथियम कॉम्प्लेक्सशिवाय दुसरी जात नाही. इम्पेलरवर राखेचा २ ते ३ मिमी थर होता. मार्चमधले आडवे कंपन १.८ असल्याने तेव्हा तरी असंतुलन नव्हते. पुढचे सांगता येत नाही, एप्रिलचे माप झालेले नाही.

स्लीव्ह जास्त आवळली गेली होती का, हे मात्र नाकारता येत नाही. त्या दिवशीचा क्लिअरन्स ‘ओके’ आहे.

केलेले काम

दोन्ही बेअरिंग बदलली. इम्पेलर बाजूच्या रिंगा काढून बेअरिंग हौसिंगच्या मध्यावर ठेवले. फिलर गेजने क्लिअरन्स: मोकळे असताना ०.१०५, नट आवळल्यावर ०.०५५ मिमी. घट ०.०५० आली, ती ०.०४५ ते ०.०६० च्या आत आहे. इम्पेलर खरवडून साफ केला. १४ मे, दुपारी ४ वाजता: ६६°, हवा ४०°, अक्षीय कंपन ०.८.

पुढील कामे

- स्टोअरच्या यादीत ‘पुली बाजू’ व ‘इम्पेलर बाजू’ असे दोन वेगळे संच. दुसऱ्यात रिंग नाही. जबाबदारी: स्टोअर इनचार्ज, २० मे.
- जॉब कार्डावर क्लिअरन्सचे आधीचे व नंतरचे दोन रकाने. आकड्याशिवाय कार्ड बंद होणार नाही.
- ग्रीसिंग रजिस्टरात वेळ, बेअरिंग, हवा आणि फरक हे चार रकाने. फरक ३५ अंशांवर गेला तर ग्रीस न मारता मेंटेनन्सला कळवायचे.
- एफडी फॅनची यादीही एकाच संचाची आहे. रविवार, १८ मे रोजी बॉयलर बंद असताना दोन्ही टोप्या उघडून रिंगा मोजायच्या.